पन्नास लाखांची पायरी आणि शुल्काचा रोजमेळ

इचलकरंजीच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. सुताचा व्यापार, दोन पिढ्यांची पेढी. जुने गोदाम विकून, कर भरून त्यांच्या हाती साठ लाख रुपये उरले आहेत. नात्यातील एका तरुण वितरकाने त्यांना सांगितले, “काका, म्युच्युअल फंड हे पगारदारांसाठी असतात. आपल्यासारख्यांनी पीएमएस घ्यावी, आणि आणखी थोडे जमले तर एआयएफ.” पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे की, ज्या ठिकाणी किमान पन्नास लाख मागतात तिथला माल अधिक चांगला असणार, असे समजावे काय?

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहे.

व्यापारात मोठ्या खरेदीला भाव कमी मिळतो. गाठीने सूत घेणारा आणि कोनाने सूत घेणारा यांचा दर एक नसतो. त्यामुळे पन्नास लाख देणाऱ्याला अधिक सवलत आणि अधिक चांगला माल मिळत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही रक्कम कोणत्याही कंपनीने आपल्या मालाची प्रत पाहून ठरवलेली नाही. ती सेबीने ठरवली आहे. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिसेस, म्हणजे पीएमएससाठी ही मर्यादा पूर्वी पंचवीस लाख होती. २०२० च्या नियमावलीने ती पन्नास लाख केली. एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक निधी, यांच्यासाठी २०१२ च्या नियमावलीपासून प्रत्येक गुंतवणूकदारामागे किमान एक कोटी आहे. म्युच्युअल फंडात मात्र शंभर-पाचशे रुपयांपासून सुरुवात करता येते, कारण तेथे खर्चाची कमाल मर्यादा, एका कंपनीत किती पैसे घालावेत याची मर्यादा, मासिक यादी जाहीर करण्याची सक्ती अशी अनेक कुंपणे नियामकाने आधीच घातलेली आहेत. पन्नास लाखांच्या वर गेलेला माणूस करार वाचू शकतो, प्रश्न विचारू शकतो आणि तोटा झाला तर सोसू शकतो, असे गृहीत धरून त्यांतील काही कुंपणे काढून टाकली आहेत. तेव्हा ही पायरी मालाच्या प्रतीची नसून, आपल्या रक्षणाची किती जबाबदारी आपल्यावर टाकली आहे त्याची आहे.

आता शुल्काकडे वळू, कारण खरा फरक तेथेच आहे.

समजा पन्नास लाख रुपये पीएमएसमध्ये ठेवले आणि शेअर्स वर्षभरात चौदा टक्क्यांनी वाढले, म्हणजे खर्चापूर्वी सात लाख रुपये नफा झाला. हिशेब सोपा राहावा म्हणून सर्व शुल्क मूळ पन्नास लाखांवर मोजू. निश्चित शुल्काच्या योजनेत वर्षाला अडीच टक्के हा दर सर्रास आढळतो. त्याचे झाले १,२५,००० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २२,५०० रुपये. कस्टोडियन, हिशेबनीस, लेखापरीक्षण, डिमॅट इत्यादी चालू खर्च वेगळे. दलाली वगळता यांवर सेबीने वार्षिक अर्ध्या टक्क्याची कमाल मर्यादा घातली आहे. ती पूर्ण वापरली असे धरले तर २५,००० रुपये. एकूण १,७२,५०० रुपये. शेअरच्या खरेदीविक्रीची दलाली आणि त्या व्यवहारांवरील कर यांत धरलेलेच नाहीत. सात लाखांतून हे वजा जाता आपल्या पदरी ५,२७,५०० रुपये पडले, म्हणजे १०.५५ टक्के.

हेच पन्नास लाख एखाद्या इक्विटी म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट योजनेत असते आणि त्या फंडाचे शेअर्सही तेवढेच वाढले असते, तर? एकूण खर्च उदाहरणादाखल ०.९० टक्का धरू. वर्षाचे ४५,००० रुपये झाले. ते वेगळे बिल होऊन येत नाहीत, रोजच्या एनएव्हीतूनच वजा होत असतात. हाती उरले ६,५५,००० रुपये. दोहोंतील अंतर १,२७,५०० रुपयांचे. याचा अर्थ असा की, पीएमएसच्या व्यवस्थापकाने म्युच्युअल फंडाच्या चौदा टक्क्यांसमोर साडेसोळा टक्क्यांहून किंचित अधिक मिळवले, तेव्हा कुठे आपण बरोबरीत आलो. एखाद्या वर्षी ते जमेलही. दरवर्षी जमणे ही वेगळी गोष्ट आहे.

मंदीच्या वर्षी हे अंतर अधिक टोचते. शेअर्स सहाच टक्के वाढले तर नफा तीन लाख, शुल्क तेच १,७२,५००. निम्म्याहून अधिक नफा शुल्कात गेला आणि आपल्याला अडीच टक्के उरले. बचत खात्याच्या व्याजाची आठवण व्हावी, असा हा आकडा आहे.

यावर वितरकाचे उत्तर ठरलेले असते : “मग नफ्यात भागीदारीची योजना घ्या. आम्ही कमवून दिले तरच आम्हाला.” आडतीच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला ही भाषा लगेच पटते. योजना वाईट नाही, परंतु तिच्यात तीन शब्द असतात आणि ते तिन्ही समजल्याखेरीज सही करू नये.

पहिला शब्द हर्डल. म्हणजे ठरावीक टक्के नफा आधी गुंतवणूकदाराचा, त्यावरच्या नफ्यात वाटा. समजा करार असा आहे : एक टक्का निश्चित शुल्क, दहा टक्के हर्डल, त्यावरील नफ्याचा वीस टक्के वाटा व्यवस्थापकाला. वरच्याच उदाहरणात निश्चित शुल्क ५०,०००, त्यावर जीएसटी ९,००० आणि चालू खर्च २५,००० मिळून ८४,००० रुपये गेले. उरलेला नफा ६,१६,००० रुपये. हर्डल पाच लाखांचे, म्हणजे त्यावरचा नफा १,१६,००० रुपये. त्याचे वीस टक्के, २३,२०० रुपये, व्यवस्थापकाचे आणि त्यावर ४,१७६ रुपये जीएसटी. आपल्याला उरतात ५,८८,६२४ रुपये. निश्चित शुल्काच्या योजनेपेक्षा हे बरे झाले.

दुसरा शब्द कॅच-अप. करारात हा शब्द असेल तर गणित पालटते. हर्डल ओलांडले की पुढचा नफा आधी पूर्णपणे व्यवस्थापकाकडे जातो, आणि त्याचा वाटा सबंध नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत पोहोचला की मगच पुढील वाटणी सुरू होते. येथे ६,१६,००० चे वीस टक्के होतात १,२३,२००. हर्डलच्या वर आहेत फक्त १,१६,००० रुपये, म्हणून ते सर्वच्या सर्व त्याचे. त्यावर जीएसटी २०,८८०. आपल्याला उरले ४,७९,१२० रुपये. गंमत अशी की, जीएसटीमुळे आपण ‘आधी तुमचे’ म्हणून सांगितलेल्या पाच लाखांच्याही खाली आलो. शेअर तेच, नफा तोच, आणि करारातील एका शब्दाने १,०९,५०४ रुपयांचा फरक पडला. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ‘दहा टक्क्यांच्या वर वीस टक्के’ एवढेच मोठ्या अक्षरांत असते. कॅच-अप आहे की नाही, ते शुल्काच्या परिशिष्टात असते.

तिसरा शब्द हाय वॉटर मार्क, म्हणजे पाण्याची वरची खूण. ही तरतूद सेबीने नफ्यातील वाट्यासाठी सक्तीची केली आहे आणि ती आपल्या हिताची आहे. पन्नासाचे साठ लाख झाले आणि त्यावर वाटा दिला गेला. पुढच्या वर्षी घसरण होऊन अठ्ठेचाळीस झाले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा अठ्ठावन्न झाले. या तिसऱ्या वर्षी दहा लाखांची वाढ दिसली, तरी साठाची खूण ओलांडलेली नाही, म्हणून वाटा नाही. एकाच नफ्यावर दोनदा आडत नाही, इतके हे साधे आहे. मात्र ही खूण त्या खात्यापुरतीच असते. अठ्ठेचाळीसवर कंटाळून आपण खाते मोडले आणि दुसऱ्या व्यवस्थापकाकडे गेलो, की नवी खूण अठ्ठेचाळीसवर पडते आणि जुना तोटा भरून निघत असतानाही नवा माणूस त्यावर वाटा घेतो. घसरणीनंतर ‘आता आमच्याकडे या’ असे जे फोन येतात, त्यांमागचे अर्थकारण यावरून ध्यानात यावे.

हे सर्व आकडे स्वतः मांडण्याचा कंटाळा असेल तर एक सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक पीएमएस कंपनीला शुल्क मोजण्याचे साधन ग्राहकांना उपलब्ध करून द्यावे लागते, आणि नव्या ग्राहकाने शुल्काच्या परिशिष्टावर वेगळी सही करून आपल्याला ते समजल्याचे नमूद करायचे असते. वितरकाला समोर बसवून तेच आकडे त्या साधनात भरायला सांगावेत. चौदा टक्के, सहा टक्के आणि उणे दहा टक्के अशी तीन वर्षे पाहावीत. माझ्या बँकेतील दिवसांत कर्जाच्या कागदांवर जेथे बोट दाखवतील तेथे न वाचता सही करणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिले. हेच सद्गृहस्थ गाठीमागे चार आण्यांच्या बटाव्यासाठी अर्धा तास घासाघीस करीत.

आता पारदर्शकता. या मुद्द्यावर पीएमएसवर अन्याय होऊ नये. आपल्या पैशाचे काय चालले आहे हे मालकाला दिसणे, या अर्थाने पीएमएसइतकी उघडी व्यवस्था तिन्हींत दुसरी नाही. शेअर्स आपल्या नावाच्या डिमॅट खात्यात असतात. व्यवस्थापकाकडे फक्त मुखत्यारपत्र असते. कोणता शेअर कोणत्या दिवशी कोणत्या भावाने घेतला, ते सर्व दिसते. डिपॉझिटरीकडून पॅनवर जे एकत्रित खाते-विवरण येते, ते व्यवस्थापकाच्या तिमाही अहवालाशी ताडून पाहता येते, जसे आपण बँकेचे पासबुक रोजमेळाशी ताडतो. दोन्हींतील शेअरसंख्या जुळली पाहिजे. न जुळल्यास त्याच आठवड्यात लेखी विचारावे.

परंतु खाते उघडण्याआधी, बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पीएमएस तितकी उघडी नाही. म्युच्युअल फंडाची एनएव्ही रोज, शेअर्सची संपूर्ण यादी दरमहा आणि खर्चाचे प्रमाण संकेतस्थळावर, हे कोणालाही पाहता येते. इचलकरंजीत बसून दहा फंडांची तुलना करता येते. पीएमएसचा जाहीर होणारा परतावा हा त्या धोरणातील सर्व ग्राहकांचा मिळून काढलेला असतो. प्रत्येकाने वेगळ्या दिवशी पैसे घातलेले, त्यामुळे आपला परतावा त्याहून वेगळा निघतो आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. सेबीच्या नियमानुसार हा परतावा सर्व शुल्के वजा करून दाखवायचा असतो. वितरकाच्या मोबाइलवरील रंगीत तक्त्यात त्याहून मोठा आकडा दिसला, तर तो शुल्कापूर्वीचा आहे किंवा ‘मॉडेल पोर्टफोलिओ’चा, म्हणजे कागदावर चालवलेल्या योजनेचा आहे, असे समजून पुढे विचारपूस करावी. अधिकृत आकडे पीएमएस व्यवस्थापकांच्या संघटनेच्या, एपीएमआयच्या, संकेतस्थळावर पाहता येतात.

येथेच कराचाही एक मुद्दा आहे, जो विकताना क्वचितच सांगितला जातो. म्युच्युअल फंडाने आतल्या आत शेअर विकले तर आपल्याला कर नाही. आपण युनिट विकू तेव्हाच भांडवली नफा धरला जातो. पीएमएसमध्ये शेअर आपल्या नावाचे, म्हणून व्यवस्थापकाने केलेली प्रत्येक विक्री ही आपली विक्री. वरच्या सात लाखांपैकी चार लाखांचा नफा वर्षाच्या आत विकून झाला असेल, तर त्यावर वीस टक्के आणि चार टक्के उपकर मिळून ८३,२०० रुपये त्याच वर्षी भरावे लागतात, पैसे खात्यातून बाहेर आलेले नसले तरी. आगाऊ कराच्या हप्त्याआधी मुनीमजींना हे विवरण मिळाले पाहिजे, अन्यथा व्याज लागते.

मग पीएमएस कोणासाठी? आपल्या समाजातील कुटुंबांपुरते एक खरे आणि सबळ कारण मला दिसते. मद्य, मांस, चामडे, तंबाखू यांच्या व्यवसायात आपले पैसे नकोत, ही अनेकांची अट असते. सामान्य म्युच्युअल फंडाला ती घालता येत नाही. निफ्टी ५० चा साधा निर्देशांक फंड घेतला तरी त्यात सिगारेट विकणारी कंपनी येतेच. पीएमएसच्या करारात ग्राहकाने घातलेली बंधने लिहून घेण्याची तरतूद आहे. परंतु तोंडी सांगून भागत नाही, आणि ‘अहिंसक कंपन्या’ असे लिहूनही भागत नाही, कारण सिगारेटवाली कंपनी पीठही विकते आणि औषधांच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते. कोणते उद्योग, कोणत्या कंपन्या, त्यांच्या उत्पन्नाचा किती भाग चालेल, हे यादी करून करारास जोडावे. सर्वच व्यवस्थापक अशी यादी मान्य करीत नाहीत. आणि ज्यांनी केली, त्यांच्याकडचा आपला परतावा जाहीर आकड्यांपासून आणखी थोडा दूर जाईल, हे धरून चालावे.

एआयएफविषयी थोडक्यात लिहितो, कारण साठ लाखांत तो प्रश्न उद्भवतच नाही. पती-पत्नी किंवा पालक आणि अपत्य असे दोघे मिळून एक कोटी भरू शकतात, ही सवलत आहे. (पीएमएसमध्ये मात्र वडिलांच्या खात्यात तीस आणि मुलाच्या खात्यात वीस, अशी बेरीज करून पन्नास होत नाहीत.) पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे निधी किमान तीन वर्षांचे, आणि पुष्कळदा त्याहून बरेच दीर्घ मुदतीचे असतात, मध्येच पैसे काढण्याची वाट जवळपास नसते. तेथे शेअर नव्हे, तर निधीचे युनिट आपल्या नावे असतात. माहितीपत्र खासगी असते, आणि निधीतील मालमत्तेला रोजचा बाजारभाव नसल्याने तिचे मूल्य मूल्यांककाच्या अंदाजावर ठरते. एक गोष्ट विशेष तपासावी : शुल्क वचन दिलेल्या रकमेवर आहे की प्रत्यक्ष मागवलेल्या? एक कोटीचे वचन, पहिल्या वर्षी मागवले चाळीस लाख, आणि दोन टक्के शुल्क पूर्ण कोटीवर, असे असेल तर दोन लाख रुपये गेले, म्हणजे कामास लागलेल्या पैशावर पाच टक्के. शिवाय उरलेले साठ लाख केव्हाही मागितले जातील, म्हणून ते हाताशी ठेवावे लागतात. सुताचे भाव पडलेले असताना, माल भरण्याची संधी असतानाच ती मागणी आली, तर हप्ता चुकवल्याबद्दल करारात दंड असतो.

हाच विचार पत्रलेखकांच्या साठ लाखांनाही लागू आहे. पन्नास पीएमएसमध्ये गेले तर हंगामासाठी दहाच उरतात. खात्यातून काही रक्कम काढायची म्हटले, तर काढल्यानंतर शिल्लक पन्नास लाखांच्या खाली जाता कामा नये. बाजार पडून शिल्लक खाली गेली तर हरकत नाही. आपण काढून ती खाली नेता येत नाही. म्हणजे पाच लाख हवे असले आणि खात्यात बावन्न असले, तर दोनच मिळतील किंवा संपूर्ण खाते मोडावे लागेल. आणि तेवढ्या काळात दुकानाचे कॅश क्रेडिट दहा टक्के व्याजाने उचललेले असेल, तर एका हाताने साडेदहा मिळवून दुसऱ्या हाताने दहा देण्याचा तो उद्योग होईल. म्युच्युअल फंडाचे युनिट हवे तेवढेच विकता येतात आणि बँकेकडे तारणही ठेवता येतात. मला विचाराल तर, ज्या घराची व्यापाराबाहेरची शिल्लक दोन-अडीच कोटींच्या पुढे आहे, त्याने पन्नास लाखांच्या पीएमएसचा विचार करावा. साठांतल्या पन्नासांचा करू नये. म्युच्युअल फंडापेक्षा वेगळ्या धाटणीचे काही हवेच असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून म्युच्युअल फंड कंपन्यांनाच ‘विशेषीकृत गुंतवणूक निधी’ आणण्याची मुभा मिळाली आहे. तेथे किमान दहा लाख लागतात. ते नवे आहेत, पाहून-सवरून जावे.

वितरकाला काय मिळते, हेही पत्रात विचारले आहे. पीएमएसमध्ये सुरुवातीलाच एकरकमी शुल्क घेण्यास २०२० पासून मनाई आहे. वितरकाला वर्षानुवर्षे हप्त्याने कमिशन मिळते आणि ते आपल्या शुल्कातूनच जाते. पीएमएस कंपनीकडे वितरकाविना थेट खाते उघडण्याचीही सोय आहे आणि तेथे शुल्क कमी पडते. नात्यातला मुलगा आहे म्हणून विचारण्यास संकोच वाटू नये. त्याची टक्केवारी सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

आणि ज्यांनी आधीच खाते उघडले आहे, त्यांच्यासाठी. मोडताना पहिल्या वर्षी जास्तीत जास्त तीन टक्के, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक टक्का एक्झिट लोड लावता येतो, त्यानंतर काहीच नाही. करारातला दर याहून कमी असू शकतो, म्हणून आधी परिशिष्ट पाहावे. दोन वर्षे दहा महिने झाली असतील आणि तातडीची गरज नसेल, तर दोन महिने थांबावे. खाते मोडताना सर्व शेअर विकून रोखच घ्यावी, असे बंधन नाही. शेअर आपल्या नावाचे आहेत. ते आपल्याच दुसऱ्या डिमॅट खात्यात वळते करून घेण्याची लेखी सूचना देता येते. त्यामुळे एकाच दिवशी सगळा भांडवली नफा अंगावर येत नाही, आणि कोणता शेअर कधी विकायचा ते आपल्या हाती राहते.